फुटलेला पाइप आणि विम्याचा दावा : छायाचित्रे, पावत्या आणि पुराव्याचा प्रश्न

सदनिकेतील पाण्याचा पाइप फुटून झालेल्या नुकसानीचा विमा दावा अडतो, तेव्हा अडचण बहुतेक वेळा रकमेची नसते. नुकसान एकाएकी झाले की बरेच दिवस मुरत आले, हा खरा वाद असतो. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 1 एप्रिल 2021 पासून विकणे बंधनकारक केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घर विम्यात आग, भूकंप, वादळ, पूर यांच्याबरोबरच पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटणे किंवा ओसंडून वाहणे या धोक्याचाही समावेश आहे. फुटणे ही घटना असल्यामुळे तिला तारीख असते आणि अनेकदा वेळही सांगता येते. भिंतीत महिनोन्‌महिने मुरणारी ओल ही घटना नसून स्थिती असते, आणि स्थितीचा विमा उतरवलेला नसतो. म्हणून छायाचित्रे काढताना किंवा पावत्या गोळा करताना जी दक्षता घ्यायची, ती नुकसान किती मोठे दिसते यापेक्षा ते केव्हा आणि कशामुळे झाले हे दाखवण्यासाठी घ्यावी लागते.

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. गावात स्वतंत्र घरांचे प्रमाण मोठे आहे, मात्र सुमारे 25 किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा पुढची सोय म्हणून सदनिका घेतलेली कुटुंबे तालुक्यात आहेत, आणि अशा सदनिका अनेकदा आठवडाभर कुलूपबंद असतात. शहराला जायकवाडीच्या नाथसागरातून येणारे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. ते आले की गृहनिर्माण संस्था जमिनीखालचा हौद भरते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवते. सदनिकेतला पाइप प्रत्यक्षात या टाकीच्या दाबावर चालतो, त्यामुळे रिकाम्या घरात एखादी जोडणी तुटली तर टाकी संपेपर्यंत पाणी वाहत राहते आणि घराचा मालक खुलताबादेत असतो. या परिस्थितीत दोन प्रश्न एकदम उभे राहतात : घटना नेमकी केव्हा घडली, आणि घर बंद असल्याने पॉलिसीच्या अटींना बाधा येते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पॉलिसीच्या शब्दांतच शोधावे लागते, कारण घर सलग किती दिवस रिकामे राहिल्यास संरक्षण थांबते याबद्दलच्या अटी जुन्या अग्निविमा पॉलिसींत आणि कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांत वेगवेगळ्या असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कागद आणि छायाचित्रे देऊ शकतात.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल, ज्यातील आकडेही केवळ समजण्यासाठी आहेत. गारखेडा परिसरातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 600 चौरस फूट चटई क्षेत्राची, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेची, सदनिका खुलताबादच्या एका कुटुंबाने गृहकर्जावर घेतली आहे आणि कर्ज देताना बँकेने घर विमाही उतरवून घेतला आहे. शनिवारी सकाळी कुटुंब आले, तेव्हा दाराखालून पाणी आलेले, फरशीवर पातळ थर साचलेला आणि संडासातल्या फ्लशच्या टाकीला जोडणारी लवचीक नळी नटाशी तुटलेली आढळली. गच्चीवरच्या टाकीत पाणी उरले नव्हते, त्यामुळे गळती थांबलेली होती.

पुरावा इथेच, पुसायला सुरुवात करण्याआधी, सुरू होतो. मात्र त्याआधी मुख्य विद्युत स्विच बंद करणे आणि पाण्याचा कॉक बंद करणे भाग आहे, आणि या दोन्हींचीही छायाचित्रे घेणे उपयोगी ठरते. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करणे हे विमाधारकाचे कर्तव्य असते आणि त्यात कसूर झाल्यास दावा कमकुवत होतो. पाहणीकार येईपर्यंत पाणी तसेच राहू द्यावे, हा समज चुकीचा आहे. पाहणीकार म्हणजे विमा कंपनीने नेमलेला, नियामकाचा परवाना असलेला नुकसान-निर्धारक. त्याच्या येण्यापूर्वी पाणी काढणे, गाद्या उभ्या करणे, पंखे लावणे हे सर्व करता येते. ओल्या वस्तू टाकून देणे किंवा विकणे आणि नुकसानीची कायमची दुरुस्ती करून टाकणे मात्र थांबवावे लागते, कारण मग पाहणीकाराला पाहण्यासारखे काही उरत नाही.

पहिले छायाचित्र दाराबाहेरून घ्यावे, ज्यात सदनिकेचा क्रमांक आणि उंबऱ्याखालचे पाणी दोन्ही दिसतील. मग प्रत्येक खोलीच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून पूर्ण खोली, त्यानंतर नुकसान झालेली भिंत किंवा वस्तू, आणि शेवटी तिचा जवळून तपशील, असा दुरून जवळ येणारा क्रम पाळला म्हणजे कोणते फुगलेले प्लायवूड कोणत्या खोलीतले, हा प्रश्न नंतर पडत नाही. त्याआधी दारापासून संडासापर्यंत न थांबता चालत घेतलेली एक चित्रफीत या क्रमाला सांधते. चालताना तारीख, वेळ आणि खोलीचे नाव मोठ्याने बोलले तर आवाजाचीही नोंद राहते.

दोन तपशील बहुधा सुटतात. एक, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेची उंची, जी मेजर टेप भिंतीला लावूनच टिपावी लागते. उदाहरणातील सदनिकेत ही रेषा सुमारे तीन सेंटिमीटरवर आहे. गच्चीवरची टाकी 2000 लिटरची असेल आणि ते सर्व पाणी 600 चौरस फुटांत, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटरमध्ये पसरले, तर पाण्याची उंची साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि काही पाणी न्हाणीघराच्या जाळीतून व गॅलरीतून गेले असे धरले तर तीन सेंटिमीटरची रेषा या हिशोबाशी जुळते. एक टाकी रिकामी झाल्याची गोष्ट अशी आकड्याने उभी राहते. दुसरा तपशील तुटलेल्या नळीचा. ती जागेवर असताना, प्लंबरने काढताना आणि काढल्यावर अशी तीन छायाचित्रे घेऊन तुटलेला तुकडा तारीख लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा, कारण नवी, चमकदार तूट आणि गंजून झिजलेली तूट यांतला फरक पाहणीकाराला छायाचित्रापेक्षा वस्तूतच अधिक स्पष्ट दिसतो. तुकडा प्लंबरच्या पिशवीतून भंगारात गेला की सर्वांत भक्कम पुरावा गेलेला असतो.

ताजी गळती आणि जुनी ओल यांतील फरक दृश्य असतो, आणि तो छायाचित्रांत यावा अशी अपेक्षा ठेवूनच भिंतीकडे पाहावे लागते. एकदाच भिजलेल्या भिंतीवर सहसा एकच कडा असलेला डाग दिसतो, तर वारंवार भिजून वाळलेल्या भिंतीवर एकात एक अशा अनेक कडा उमटतात, कारण प्रत्येक वेळी पाणी आपल्या मर्यादेपाशी क्षार सोडून जाते. त्याच क्षारांचा पांढरा लोणा, मागे सरकत गेलेले रंगाचे पोपडे आणि पहिल्याच दिवशी दिसणारी काळी दाट बुरशी या खुणा जुन्या ओलीच्या आहेत. बुरशी डोळ्यांना दिसण्याइतकी वाढायला काही दिवस लागतात, म्हणून घटनेच्या दिवशीच्या छायाचित्रात ती ठळक असेल तर पाहणीकाराने शंका घेणे योग्यच ठरते. एखाद्या कोपऱ्यात पूर्वीची ओल खरोखरच असेल, तर तो कोपरा छायाचित्रांतून वगळण्यापेक्षा वेगळा टिपून ‘ही जुनी ओल, दाव्यात नाही’ अशी नोंद करणे शहाणपणाचे असते, कारण पाहणीकाराला तो सापडणारच असतो आणि तो लपवल्याने उरलेल्या खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास कमी होतो. फुगलेला गिलावा समोरच्या प्रकाशात सपाट दिसतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकस प्रकाशात छायाचित्र घेतले तर फुगवटा सावलीने उठून येतो.

काळाची बाजू आणखी दोन ठिकाणी महत्त्वाची ठरते. काही नुकसान उशिरा दिसते : लॅमिनेट आठवड्याने सुटते, प्लायवूडच्या खालच्या कडा वाळताना उलतात, पीओपीच्या छताला भेगा नंतर पडतात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात भिंतीचा पृष्ठभाग लवकर वाळतो आणि आतली ओल मागाहून क्षार बाहेर आणते, तर पावसाळ्यात तीच भिंत आठवडे वाळत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी जिथे उभे राहून छायाचित्र घेतले, तिथूनच तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा घेतलेली छायाचित्रे नुकसान कसे वाढले हे सांगतात, आणि नंतर दिसलेल्या गोष्टींसाठी पुरवणी यादी देण्यास आधार मिळतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत दावा अर्ज देण्याची अट असली तरी कंपनीला सूचना लगेच देणे अपेक्षित असते, आणि सूचनेच्या ईमेलची किंवा नोंदणी क्रमांकाची प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर असावी.

दुसरी बाजू घटनेच्या वेळेची, जी कुलूपबंद सदनिकेत सर्वांत अवघड असते. उदाहरणात ती संस्थेच्या नोंदींतून मिळते. शुक्रवारी रात्री पंप किती वाजता चालवला याची रखवालदाराच्या वहीतील नोंद, शनिवारी पहाटे संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शेजाऱ्याने टाकलेला ‘टाकी रिकामी, नळाला पाणी नाही’ हा संदेश, आणि खालच्या मजल्यावरील रहिवाशाने छतातून पाणी ठिबकत असल्याचे पाठवलेले छायाचित्र, या तीन गोष्टी एकत्र आल्या की फुटण्याची वेळ काही तासांच्या टप्प्यात बसते. तलाठ्याचा पंचनामा हा पूर किंवा अतिवृष्टीसारख्या आपत्तीचा प्रकार आहे, फ्लॅटमधील पाइपसाठी तो मिळत नाही आणि त्याची वाट पाहण्यात दिवस घालवू नयेत. त्याऐवजी संस्थेच्या सचिवाचे पत्र आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा लेखी जबाब, ज्यात त्यांनी स्वतः काय पाहिले तेवढेच लिहिले आहे, पुरेसा वजनदार असतो. खालच्या रहिवाशाचे नुकसान मात्र वेगळ्या वाटेने जाते : ते त्याच्या स्वतःच्या घर विम्यात मागता येते, पण वरच्या मालकाच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत दुसऱ्याला द्यायची भरपाई, म्हणजे त्रयस्थ दायित्व, मुळात समाविष्ट नसते. फुटलेला पाइप सदनिकेच्या आतला होता की इमारतीचा सामाईक, हेही याच वेळी टिपावे, कारण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक नळवाहिनीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेची असते आणि आतल्या जोडणीची सभासदाची.

मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात दिनांक, वेळ आणि बहुधा ठिकाण यांची माहिती फाइलच्या आत लपलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीप्रमाणे पाठवलेल्या प्रतीत ही माहिती गळून पडते आणि चित्रही आकसते, म्हणून मूळ फाइली फोनमधून न पुसता एका वेगळ्या साठवणीत उतरवून ठेवाव्यात आणि पाठवायच्याच झाल्या तर दस्तऐवज म्हणून पाठवाव्यात. तारीख छापणारे कॅमेरा अ‍ॅप सोयीचे असले तरी त्यातील तारीख फोनच्या घड्याळावरून येते, त्यामुळे मूळ फाइलची जागा ते घेऊ शकत नाही. पुढे प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, जे पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खाली दिले जात असे. जपलेली मूळ फाइल असेल तर ते देणे सोपे जाते.

पावत्यांचा विचार करताना दोन काळांच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्या लागतात : वस्तू घरात होती हे सांगणाऱ्या जुन्या, आणि नुकसानीनंतर झालेला खर्च सांगणाऱ्या नव्या. जुन्या पावत्यांची अडचण अशी की दुकानांतील उष्णतेने छापलेली बिले वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात, म्हणून खरेदीच्या दिवशीच त्यांचे छायाचित्र घेणे हाच उपाय आहे. यूपीआयची नोंद पैसे दिले एवढेच सिद्ध करते, कशासाठी दिले ते नाही. घरात बसून सुताराने केलेल्या कपाटाचे तर बिल बहुधा नसतेच. अशा वेळी वास्तुशांती, बारसे किंवा दिवाळीच्या जुन्या छायाचित्रांत मागे दिसणारे कपाट, त्याच्या प्लायवूड आणि लॅमिनेटची दुकानाची बिले, आणि सुताराला दिलेल्या रकमांच्या बँक नोंदी यांची सांगड घातली की वस्तूचे अस्तित्व आणि दर्जा दोन्ही उभे राहतात. धुलाई यंत्रासारख्या वस्तूंच्या मागच्या पट्टीवरील मॉडेल आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र घेतले तर बिल हरवले असले तरी वॉरंटीची नोंद किंवा हप्त्यांच्या कर्जाचे विवरण त्याच यंत्राशी जोडता येते.

नव्या पावत्यांबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो, तो असा की वस्तू व सेवा कराचा क्रमांक नसलेले बिल विमा कंपनी स्वीकारतच नाही. प्रत्यक्षात वार्षिक उलाढाल सेवांसाठी 20 लाख आणि वस्तूंसाठी 40 लाख रुपयांच्या आत असेल तर महाराष्ट्रातील लहान व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे कर नोंदणीच बंधनकारक नसते, आणि प्लंबर, सुतार, रंगारी हे बहुधा याच गटात मोडतात. त्यांच्याकडून हवे असते ते साधे पण पूर्ण बिल : नाव आणि फोन, कामाची जागा आणि तारीख, मोजमाप, दर, साहित्य व मजुरी वेगवेगळी, आणि सही. 5,000 रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावणे हा मुद्रांक कायद्याचा भाग आहे. ‘रंगकाम 12,000’ असे एका ओळीचे बिल आणि ‘दोन खोल्या, 520 चौरस फूट, दर 22 रुपये’ असे बिल यांत दुसरे टिकते, कारण पाहणीकार ते छायाचित्रांशी ताडून पाहू शकतो. प्लंबरने बिलावर बिघाडाचे कारणही एका ओळीत लिहिले, जसे ‘फ्लशची जोडनळी नटाशी तुटली, बदलली’, तर तो कागद पावती आणि साक्ष दोन्ही होतो.

उदाहरणातील यादी अशी उतरते : 42 चौरस फुटांचे कपाट 1,400 रुपये दराने 58,800, गादी 12,000, धुलाई यंत्राची दुरुस्ती 6,500, पीओपीचे 80 चौरस फूट काम 8,800 आणि रंगकाम 11,440, म्हणजे एकूण 97,540 रुपये. याखेरीज जोडनळी व प्लंबरची मजुरी आहे, जी वेगळ्या ओळीत दाखवावी. फुटलेली नळी बदलण्याचा खर्च कंपनी झीज म्हणून नाकारू शकते, आणि तो एकूण रकमेत मिसळला असेल तर एका लहान वादासाठी सगळी यादी तपासात अडकते. राडारोडा हलवण्याचा खर्च भारत गृह रक्षा पॉलिसीत दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो, म्हणजे इथे सुमारे 1,950 रुपये, आणि त्यासाठीही हमालाची पावती लागते.

या यादीतील प्रत्येक वस्तू इमारतीचा भाग की घरातील सामान, हे आधी ठरवावे लागते. भारत गृह रक्षा पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये, एवढे सामानाचे संरक्षण वेगळी यादी न देताही येते. उदाहरणातील इमारतीची रक्कम 600 चौरस फूट आणि बांधकामाचा 2,000 रुपये दर धरून 12 लाख असेल, तर सामानाची मर्यादा 2 लाख 40 हजार होते आणि दावा त्यात बसतो. भिंतीत पक्के बसवलेले कपाट इमारतीत मोजायचे की सामानात, यावर मतभेद होऊ शकतो, म्हणून ते कसे बसवले आहे हे दाखवणारे एक छायाचित्र हवे. या पॉलिसीत कमी विम्याची अट लावली जात नाही, म्हणजे मालमत्तेची किंमत प्रत्यक्षात जास्त होती म्हणून दाव्याची रक्कम त्या प्रमाणात कापली जात नाही. मात्र जुन्या किंवा इतर योजनांत ही अट आणि वापराच्या वर्षांप्रमाणे घसारा दोन्ही लागू होऊ शकतात, आणि तिथे खरेदीचे वर्ष सांगणारी जुनी पावती विमाधारकाच्या बाजूने जाईलच असे नाही.

नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाने कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये आणि दाव्याशी थेट संबंधित कागदच मागावेत असे कंपन्यांना बजावले आहे. यामुळे नसलेल्या बिलाच्या जागी बनावट बिल आणण्याचे उरलेसुरले निमित्तही संपते. तसे बिल आणणे ही दाव्यातील सर्वांत घातक चूक ठरू शकते, कारण एका बनावट पावतीमुळे फसवणुकीच्या अटीखाली सगळा दावा जाऊ शकतो. पाहणीकाराच्या अहवालावर कंपनीने रक्कम कापली तर अहवालाची प्रत मागून प्रत्येक कापलेल्या ओळीसमोर संबंधित छायाचित्राचा व पावतीचा क्रमांक लिहून उत्तर देणे हा पुढचा टप्पा आहे. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (2009) या ट्रकच्या नुकसानीच्या प्रकरणात पाहणीकाराचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही, असे म्हटले, आणि तो आधार घर विम्यालाही लागू पडतो. कंपनीकडून समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे नकारापासून एका वर्षात जाता येते. संभाजीनगर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, जो शहरातच आहे, दोन वर्षांची मुदत असते आणि तिथे पुरावा प्रामुख्याने प्रतिज्ञापत्रावर व कागदांवर पाहिला जातो. तुटलेली जोडनळी, मूळ फाइली आणि पावत्यांच्या मूळ प्रती पैसे जमा झाल्यावरही ही दोन वर्षे संपेपर्यंत एकाच ठिकाणी ठेवण्याचे कारण तेच आहे.